नवीन पळायला लागलेल्याला शूज गिफ्ट द्यायचेत? माप घेण्यापासून लेस बांधण्यापर्यंत सगळं

मागच्या वर्षी राखीला मी दादाला रनिंग शूज दिले. त्याने तेव्हा नुकतंच सकाळी इंदोरच्या नेहरू स्टेडियमला जाऊन पळणं सुरू केलं होतं, मी फोनवरच रंग पसंत केला, नंबर त्याच्या ऑफिसच्या बुटात बघितला, आठ होता, म्हणून आठच मागवले. शूज दिसायला इतके छान की घरात सगळ्यांनी हातात घेऊन बघितले. तीन आठवड्यांनी आई म्हणाली, अगं याच्या अंगठ्याचं नख बघ, काळंनिळं झालंय. दादा काही बोललाच नव्हता, बहिणीने प्रेमाने दिलेत तर घालायचे, बस. दोन महिन्यांनी ते नख निघून आलं. मला फार वाईट वाटलं, कारण चूक पूर्ण माझी होती आणि ती टाळायला एक कागद, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटं एवढंच लागलं असतं.

म्हणून यावर्षी वहिनीने चिमणबागेच्या मैदानावर पळायला सुरुवात केली आणि तिचा वाढदिवस जवळ आला तेव्हा मी सगळं नीट शिकून, माप घेऊन, तिला बरोबर नेऊनच शूज घेतले. तेच इथे सविस्तर लिहितेय. नवीन पळणाऱ्याला देण्यासारख्या वस्तू भरपूर आहेत, घड्याळ, बाटली, टी-शर्ट, बॅग, पण माझं मत पक्कं आहे की पहिल्या वर्षात शूज आणि मोजे या दोनच गोष्टींनी खरा फरक पडतो, बाकी नंतर बघता येईल. आणि शूज हीच गोष्ट अशी की चुकीची दिली तर माणसाचं पळणंच बंद पडतं.

आधी विचारा की तो नक्की करतो काय

"जिम जॉइन केलंय" म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं. माझा भाचा विजयनगरच्या एका जिममधे जातो, तो ट्रेडमिलवर दहा मिनिटं वॉर्म-अप करतो आणि मग तासभर स्क्वॉट, डेडलिफ्ट, डंबेल. त्याला रनिंग शूज देणं म्हणजे चुकीची वस्तू देणं आहे. रनिंग शूजचा तळ जाड आणि मऊ फोमचा असतो, पाय जमिनीवर पडतो तो धक्का जिरवण्यासाठी. पण खांद्यावर वजन घेऊन स्क्वॉट करताना तोच मऊ फोम टाचेखाली दबतो, थोडा आत नाहीतर बाहेर कलतो, आणि गुडघे डगमगायला लागतात. वजन उचलणाऱ्याला सपाट, पातळ, कडक तळाचे शूज लागतात, साधे सपाट कॅनव्हासचे बूट सुद्धा चालतात. दुकानात ओळखायचं कसं, तर टाचेच्या जागी बाजूने फोमवर अंगठ्याने जोरात दाबायचं. अंगठा रुतला तर ते पळायचे, अजिबात रुतला नाही तर वजन उचलायला चांगले. जो फक्त ट्रेडमिल, सायकल आणि बसून करायची मशिनं करतो त्याला रनिंग शूज घेतले तरी काही अडत नाही.

बाकी हा लेख पळणाऱ्यासाठीच आहे. पळतो कुठे हे पण विचारून घ्या, रस्त्यावर, बागेतल्या ट्रॅकवर की मातीच्या मैदानावर. इंदोरात बहुतेक जण थोडं मैदान थोडा रस्ता असंच पळतात, त्याला साधे रोडचे शूज पुरतात. खालून मोठमोठे रबरी दात असलेले ट्रेलचे शूज डोंगरातल्या पायवाटेसाठी असतात, ते डांबरावर टोचतात आणि लवकर झिजतात, दिसायला दणकट वाटतात म्हणून घेऊ नका.

सरप्राइज शूजचं नको, तारखेचं द्या

गिफ्ट म्हटलं की आपल्याला वाटतं डबा उघडल्यावर चेहरा बघायला मिळावा. शूजमधे हा मोह टाळायचा. मी काय केलं ते सांगते. वाढदिवसाला वहिनीला एका छोट्या डब्यात तीन जोड रनिंगचे मोजे दिले आणि आत चिठ्ठी ठेवली, "शनिवारी संध्याकाळी सहाला तयार राहा, शूज घ्यायला जाऊ, बिल माझं". डबा उघडायचा आनंद पण मिळाला, आणि ते मोजे दुकानात ट्राय करताना कामी आले, कारण ज्या मोज्यांत पळणार त्याच मोज्यांत शूज घालून बघायचे असतात.

संध्याकाळच का, तर दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात, आणि पळताना तर आणखी फुगतात. सकाळी अकराला अगदी बरोबर बसलेला शूज पळताना चौथ्या किलोमीटरला आवळतो. सकाळी मोकळा पाय होता, तेव्हा घेतला आणि फसलो, हे खूप लोकांचं होतं.

माप घ्यायची पद्धत

घरी ए-फोरचा कागद घ्या, भिंतीला टेकवून जमिनीवर टेपने चिकटवा म्हणजे सरकणार नाही. पायात मोजे घालून टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, कारण उभं राहिलं की वजनाने पाय लांबतो आणि रुंदावतो, बसून घेतलेलं माप कमीच येतं. दोन्ही पायांवर सारखं वजन हवं. दुसऱ्या माणसाने पेन्सिल एकदम उभी धरून सगळ्यात पुढच्या बोटासमोर खूण करायची. पेन्सिल तिरपी झाली की तीन-चार मिमीचा फरक पडतो, आणि इथे सगळा खेळ त्या तीन-चार मिमीचाच आहे. आणि सगळ्यात पुढचं बोट म्हणजे अंगठाच असेल असं धरू नका, पुष्कळ जणांचं शेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं, आमच्या दादाचं आहे.

मग अंगठ्याच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो तिथे एक खूण आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरी, ती झाली पंजाची रुंदी. हे सगळं दोन्ही पायांचं करायचं. दोन पाय सारखे नसतातच म्हटलं तरी चालेल. वहिनीचा डावा भरला २४३ मिमी, उजवा २४६, आणि पंजा ९८. शूज नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा, म्हणजे इथे २४६.

आता यात पुढची मोकळी जागा मिळवायची. पळताना प्रत्येक पावलाला पाय शूजच्या आत थोडा पुढे सरकतो, उतारावर जास्तच, आणि पुढे जागा नसेल तर नख दर वेळी आतून आपटतं. एक किलोमीटरमधे हजारच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे एका पायाची पाचशे. पाचशे वेळा हळूच आपटलेलं नख खालून रक्त साकळून काळं पडतं, दादाचं तेच झालं होतं. म्हणून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे १० ते १२ मिमी जागा पाहिजे, हाताच्या अंगठ्याच्या अर्ध्या रुंदीहून जरा जास्त. वहिनीसाठी हिशोब झाला २४६ अधिक १० ते १२, म्हणजे शूजच्या आत २५६ ते २५८ मिमी जागा.

ऑफिसचा बूट, सँडल, मोजडी, यांचा नंबर इथे उपयोगाचा नाही कारण ते पायाला लागूनच घेतलेले असतात. यूके मापात एक पूर्ण नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिमी वाढते, अर्धा नंबर म्हणजे चार मिमीच्या जरा वर. त्यावरून लक्षात येईल की लागून बसणाऱ्या बुटापेक्षा रनिंगचा नंबर अर्धा ते एक जास्त का निघतो. पण म्हणून डोळे मिटून "एक नंबर मोठा" असंही करू नका, फार मोठा शूज असला की टाच आत वरखाली होते आणि तिथे फोड येतो.

गावाबाहेरच्या माणसाला पाठवायचं असेल तर हेच सगळं व्हिडिओ कॉलवर करून घेता येतं, फक्त पेन्सिल धरायला तिकडे कोणीतरी दुसरं पाहिजे. स्वतःच वाकून खूण केली की वजन पुढे जातं आणि टाच भिंतीपासून सुटते.

जुने शूज बघा, ते बोलतात

माप घेऊन झालं की त्या माणसाचे आत्ताचे शूज हातात घ्या, ज्यात तो सध्या पळतोय. वर अंगठ्याच्या जागी जाळी फाटली असेल किंवा फुगली असेल तर शूज आखूड आहे. करंगळीच्या बाजूने जाळी बाहेर लोटली गेली असेल, फोमच्या कडेवरून ओघळल्यासारखी, तर शूज अरुंद आहे. टाचेच्या आतलं कापड घासून भोक पडलं असेल तर टाच आत हलतेय, म्हणजे एकतर शूज मोठा आहे नाहीतर लेस ढिल्या बांधल्या जातात. वहिनीच्या जुन्या शूजला करंगळीपाशी बाहेर फुगवटा होता, त्यावरूनच मला कळलं की रुंदीचं बघावं लागणार.

तळाच्या झिजेवरून मात्र लोक फार मोठे निष्कर्ष काढतात. टाचेचा बाहेरचा कोपरा आधी झिजणं हे अगदी नेहमीचं आहे, त्यात काळजीचं काही नाही.

आता तो पाय ओला करून फरशीवर ठसा बघायचा प्रकार, सपाट पाय असेल तर हा शूज, कमान असेल तर तो. मी पण आधी तोच करणार होते. पण अमेरिकेच्या सैन्यात नवीन भरती झालेल्या मुलामुलींवर २००९-१० च्या सुमारास हेच तपासून झालंय, अर्ध्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे शूज दिले आणि बाकीच्यांना सरसकट एकच प्रकार, आणि दुखापतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा दुकानदार फरशीवरचा ठसा बघून महागडे आधारवाले शूज घ्याच म्हणाला तर घाई करू नका. नवीन माणसासाठी साधा न्यूट्रल शूज, म्हणजे तसला खास आधार नसलेला, जो पायात आरामदायक वाटतो, तोच बरोबर. आधीपासून घोटा, टाच किंवा गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओ, शूज नंतर.

आणि एक गोष्ट जी मला दादामुळे कळली. त्याला शुगर आहे. शुगर बरीच वर्षं असेल तर पायाची संवेदना कमी होऊ शकते, शूज चावतोय हे कळतच नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज रात्री पाय बघायचे, बोटांच्या मधे, तळव्याला, कुठे लाल झालंय का, फोड आहे का. अशा माणसासाठी शूज घेताना "कसं वाटतंय?" या प्रश्नावर विसंबू नका, कागदावरचं माप आणि शूजच्या आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्यावर उभं राहिल्यावर दिसणारी जागा हेच खरं धरा.

किती खर्च करायचा आणि काय सोडायचं

चांगले, रोजच्या पळण्याचे शूज चार ते सात हजारात मिळतात, आणि अडीच-तीन हजारातही सुरुवातीला चालतील असे असतात. वहिनीचे ४,८०० ला आले कारण मागच्या वर्षीचं मॉडेल होतं. कंपन्या दर वर्ष-दीड वर्षात नवीन आकडा लावून तोच शूज थोडा बदलून आणतात, मग जुना आकडा उतरत्या भावात मिळतो, आणि नवीन पळणाऱ्याला त्यात काही कमी पडत नाही. गिफ्ट आहे तर नवीनच हवं असं मनात आणू नका, वाचलेल्या पैशात मोजे येतात.

पंधरा-वीस हजाराचे कार्बन प्लेटवाले शूज नवीन माणसाला देऊ नका, कितीही हौस असली तरी. ते शर्यतीत जोरात पळणाऱ्यांसाठी असतात, तळ खूप उंच आणि उसळणारा, हळू पळणाऱ्याचा घोटा त्यात डगमगतो. तसंच अगदी पातळ, टाच आणि पंजा एका उंचीवर असलेले शूज. टाचेची उंची वजा पंजाची उंची याला ड्रॉप म्हणतात, साधारण शूजमधे तो ८ ते १० मिमी असतो. ज्याला त्याची सवय आहे त्याला एकदम शून्य ड्रॉपवर आणलं की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो, आणि तिथलं दुखणं महिनोन् महिने जात नाही. रस्त्याच्या कडेला मिळणारी मोठ्या ब्रँडची फर्स्ट कॉपी तर नकोच, वरून हुबेहूब असते पण तळाला काय फोम वापरलाय ते कोणी सांगू शकत नाही, आणि आपण पैसे त्या तळाचेच देतो.

दुकानात काय करायचं

शनिवारी सहाला आम्ही गेलो, बरोबर कागदाची घडी, छोटी मोजपट्टी आणि नवीन मोजे. दुकानातल्या मुलाने वहिनीच्या सँडलकडे बघून पाच नंबर काढला, आणि जरा घट्ट आहे म्हटल्यावर म्हणाला "दीदी, पहनते-पहनते खुल जाएगा". चामड्याचा बूट खुलतो, रनिंग शूजची जाळी आणि फोम लांबीला खुलत नाही. जो दुकानात घट्ट आहे तो पळताना घट्टच राहणार, हे ऐकून परत आत ठेवायला सांगा.

आता मुख्य चाचणी. शूजच्या आतला इनसोल बाहेर काढायचा, बहुतेक शूजमधे तो नुसता ठेवलेला असतो, चिकटवलेला नसतो. तो जमिनीवर ठेवून, टाच त्याच्या मागच्या खोलगट भागात नीट बसवून, त्यावर उभं राहायचं. आता डोळ्यांना दिसतं पुढे किती जागा राहिली आणि पाय बाजूने बाहेर येतोय का. शूज घातल्यावर वरून चाचपून हे कधीच इतकं नीट कळत नाही, कारण चाचपताना माणूस बोटं आत ओढून घेतो.

पहिल्या कंपनीचा साडेपाच नंबर, इनसोल भरला २५२ मिमी, बोटापुढे ६ मिमी, कमी. त्याच कंपनीचा सहा, २५६, पुढे १० मिमी, लांबी बरोबर, पण करंगळी इनसोलच्या कडेबाहेर जात होती, म्हणजे अरुंद. इथेच बरेच जण चुकतात, रुंदी कमी आहे म्हणून अजून एक नंबर मोठा घेतात, मग बाजूने बरं वाटतं पण टाच सुटते. आम्ही दुसऱ्या कंपनीकडे वळलो. त्यांचा सहा निघाला २६०, पुढे १४ मिमी, चालताना टाच उचलली जायला लागली. त्यांचाच साडेपाच काढला, इनसोल २५६, आणि पुढचा भाग रुंद, करंगळी कडेच्या आत. म्हणजे एकाच माणसाला एका कंपनीत सहा आणि दुसरीत साडेपाच. जिभेच्या आत लेबलवर सेंटीमीटरचा जो आकडा असतो तो पण कंपनीप्रमाणे बदलतो, कोणी पायाची लांबी धरतं कोणी थोडी जागा सोडून, त्यामुळे तो फक्त कुठला डबा आधी उघडायचा हे ठरवण्यापुरता वापरा.

बायकांसाठी एक उपाय लक्षात ठेवा. पंजा रुंद असेल आणि बायकांच्या कुठल्याच शूजमधे बसत नसेल तर त्याच मॉडेलचा पुरुषांचा शूज मागा, यूके नंबर बहुतेक तोच राहतो आणि पंजाला जागा जास्त मिळते. फक्त टाच ढिली होतेय का बघायचं. रंगावरून काही बायका बिचकतात, तेव्हा बरोबर गेलेल्या माणसाने थोडं समजावावं.

मग दोन्ही शूज घालून, लेस पूर्ण बांधून, दुकानातच पळायचं. चालून नाही, पळून. लाज वाटते, वहिनीला पण वाटली, मी म्हटलं चल मी पण पळते, आणि आम्ही दोघी त्या गल्लीवजा जागेत चार फेऱ्या पळलो. बाहेर पार्किंगचा उतार असेल आणि ते जाऊ देत असतील तर उतारावर चार पावलं पळून बघा, बोटं पुढे आपटतात का ते लगेच कळतं. दहा मिनिटं पायातच ठेवा. काहीही टोचतंय, एक शिवण जाणवतेय, घोट्याच्या हाडाला कड लागतेय, तर तो शूज नाही, दुसरा बघा. आणि बिल घेताना विचारा की बदलून मिळेल का, किती दिवसात आणि कशा अवस्थेत. उत्तर बिलावर लिहून घेतलं तर उत्तम.

मोजे आणि लेस

मोजे कॉटनचे नकोत. कॉटन घाम पितं आणि ओलंच राहतं, ओलं कापड कातडीवर घासलं की फोड, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे तर घाम वाळतच नाही. पॉलिस्टर-नायलॉन मिसळलेले, टाचेला थोडे जाड, पायाला घट्ट बसणारे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे घ्या, कारण अगदी आखूड मोजा शूजच्या आत घसरतो आणि टाच उघडी पडते. बोटांवरची शिवण सपाट आहे का हे मोजा उलटा करून बोट फिरवून बघा. तीन जोड म्हणजे एक पायात, एक धुतलेला, एक वाळत.

लेसचं एक छोटं तंत्र आहे जे दिलेल्या माणसाला करून दाखवा. शूजला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं जे सगळे रिकामं ठेवतात. लेस वरच्या शेवटच्या वापरलेल्या भोकातून त्याच बाजूच्या त्या जास्तीच्या भोकात घालायची, दोन्ही बाजूंना छोटी कडी तयार होते, मग डावी लेस उजव्या कडीतून आणि उजवी डाव्या कडीतून काढून खाली-मागे ओढायची आणि नेहमीसारखी गाठ. यात टाच मागे धरून राहते, पुढची बोटं मोकळी राहतात. वहिनीला हे दोन वेळा करून दाखवल्यावर जमलं.

पहिले दोन आठवडे

घरी आणल्यावर आधी दोन-तीन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर, अर्धा-अर्धा तास घालायला सांगा. तळ मळला नाही तर बदलून घेणं सोपं जातं. मग पहिलं पळणं छोटं, दोन किलोमीटर. पळून आल्यावर मोजे काढून पाय बघायचे. बोटाच्या टोकाशी लाली किंवा नख दाबल्यावर दुखलं तर आखूड. करंगळीला किंवा अंगठ्याच्या हाडाशी लाली तर अरुंद. टाचेला फोड तर आधी वर सांगितलेली लेस बांधून बघा, त्याने नाही थांबलं तर मोठा. तळवा पंजाशी बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर बहुतेक वेळा लेस पंजावर फार आवळलेल्या असतात, मधल्या थोड्या सैल करा, तरीही मुंग्या आल्या तर शूज अरुंद आहे. आणि हे सगळं देणाऱ्याने स्वतः विचारायचं, कारण गिफ्ट मिळालेला माणूस आपणहून कधीच सांगत नाही की चावतोय. मी वहिनीला पहिल्या आठवड्यात तीन वेळा विचारलं आणि एकदा तर पाय दाखव म्हणून हट्टच धरला.

धुवायचं झालं तर वॉशिंग मशीन नाही आणि कडक ऊन नाही, दोन्हीने फोम आणि चिकटवलेला डिंक खराब होतो. ओल्या फडक्याने आणि जुन्या ब्रशने पुसायचं, पावसात भिजले तर इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन-तीन तासांनी बोळे बदलायचे, आणि पंख्याखाली ठेवायचे. आणि भाजी आणायला, देवळात जायला ते शूज वापरू नयेत, चालण्याने पण फोम दबतो.

शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, जड माणसाचे कमी, हलक्या माणसाचे जास्त. वहिनी आठवड्यात तीन दिवस तीन-तीन किलोमीटर पळते, म्हणजे आठवड्याला नऊ, वर्षाला ४६८. वरून नवीनसारखे दिसत असले तरी फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, एकाच वेळी दोन्ही पिंढऱ्या किंवा गुडघे विनाकारण दुखायला लागले की समजायचं आतला फोम बसला. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी मार्करने जिभेच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवसाची तारीख लिहून दिलीय, आणि तिच्या मापाचा तो कागद माझ्या कपाटात ठेवलाय, डावा २४३, उजवा २४६, पंजा ९८. पुढच्या वर्षी घेताना पुन्हा नवीन कागदावर माप घ्यायचं आहे, वयाबरोबर पाय थोडे पसरतात. दादाचं नख आता पूर्ण आलंय, त्याचं माप येत्या शनिवारी संध्याकाळी.